रात्री दोन वाजताची मरणाची भीती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत समुपदेशन करताना एक वाक्य मी शेतकऱ्याकडून, शिक्षिकेकडून, कुपवाडच्या कारखान्यातल्या सुपरवायझरकडून जवळजवळ त्याच शब्दांत ऐकलं आहे: "मॅडम, दिवसा काही नाही हो. रात्री मात्र वाटतं, आता मी जाणार." ही माणसं आजारी नसतात. तपासण्या झालेल्या असतात, रिपोर्टची फाईल मांडीवर असते. पुढचे प्रश्न त्यांचेच आहेत. मध्ये एका दिवाणजींची हकिकत येईल. दोन-तीन जणांचे अनुभव एकत्र करून आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून ती लिहिली आहे.

दिवसभर ठणठणीत असतो. मग रात्रीच असं का होतं?

शरीर दिवसाही आवाज करतच असतं, पण तेव्हा ते ऐकायला आपण मोकळे नसतो. मार्केट यार्डात सौदा रंगलेला असताना एखादा ठोका मागेपुढे झाला तर कुणाला कळणार? रात्री खोलीत पंखा आणि आपला श्वास एवढेच दोन आवाज उरतात. डाव्या कुशीवर झोपलं की हृदय छातीच्या भिंतीला जास्त टेकतं आणि ठोके थेट उशीत ऐकू येतात. निरोगी हृदयातही अधूनमधून एखादा ठोका वेळेआधी पडतो. त्यानंतर जरा लांब थांबा येतो आणि पुढचा ठोका जोरात बसतो. लोक म्हणतात "काळीज एकदम गचकलं", ते बहुतेक वेळा हेच असतं. झोप लागता लागता पायरी चुकल्यासारखा अंगाला झटका बसतो, तोही निरुपद्रवी आणि फार सामान्य आहे.

आणि बहुतेकांच्या हकिकतीत आदल्या काही आठवड्यांत एक मयत असते. आपल्याच वयाच्या माणसाची, अचानक झालेली. मी आता पहिल्याच भेटीत विचारते, "अलीकडे अमरधामला कुणाला पोचवून आलात का?" उत्तर क्वचितच नाही असं येतं.

ही भीती दोन वाटांनी येते आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिल्या वाटेत आधी शरीर उसळतं आणि मागून "मरतोय" हा विचार येतो. दुसऱ्या वाटेत आधी विचार येतो, "एक दिवस मी नसेन", आणि मग पोटात खड्डा पडतो. आधी पहिल्या वाटेचं बोलू, कारण तिच्यात माणूस जास्त अडकतो.

गाढ झोपेतून धडधडत उठतो. स्वप्नही पडलेलं नसतं. हा हार्ट अटॅक तर नाही ना?

झोपेत येणारा घबराटीचा झटका बहुधा झोप लागल्यावर एक ते तीन तासांत येतो. तेव्हा झोप खोल होत असते आणि स्वप्नांची वेळ नसते, म्हणून मागे स्वप्न सापडत नाही. माणूस पूर्ण जागा होतो. छाती धडधडते, घाम येतो, हवा पुरत नाही, बोटांना मुंग्या येतात आणि आता संपलं अशी खात्री वाटते. साधारण दहा मिनिटांत लाट शिगेला पोचते आणि मग उतरते. सकाळी सगळं स्पष्ट आठवतं.

पण हे पहिल्यांदाच झालं असेल तर घरबसल्या निदान करू नका. छातीवर ओझं ठेवल्यासारखी कळ जी ओसरत नाही, ती डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाते, गार घाम सुटतो, चक्कर येऊन शुद्ध हरपते, अशा वेळी १०८ ला फोन करायचा. नंतर "काही नव्हतं" निघालं तर चार लोक हसतील, हसू देत. मधुमेह, बीपी, तंबाखू किंवा घरात कमी वयात हृदयविकार असेल तर हे आणखी कडकपणे पाळा. जिना चढताना किंवा उसाच्या फडात काम करताना छातीत दाटत असेल आणि थांबल्यावर कमी होत असेल, तर त्याला घबराट समजू नका.

आणखी काही गोष्टी एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या: थायरॉइड वाढलेलं असणं, रक्त कमी असणं, मधुमेहाच्या औषधांनी रात्री साखर उतरणं, उशिरा जेवल्याने वर येणारं आम्ल. मोठ्याने घोरणारा माणूस गुदमरून उठत असेल आणि दिवसा खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत असेल, तर झोपेत श्वास अडण्याचा आजार आहे का हे बघावं लागतं. त्याला समुपदेशनाचा काही उपयोग नाही.

इसीजी नॉर्मल, एको नॉर्मल. तरी मनाची खात्री का पटत नाही?

इथे दिवाणजींना आणते. वय ४१, हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितात. शाळेतला मित्र हृदयविकाराने गेला. बाराव्याहून परतल्यावर दोन दिवसांनी रात्री एक वाजून वीस मिनिटांनी ते ताडकन उठले. वहिनींनी स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. इसीजी नॉर्मल, रक्ततपासणी नॉर्मल. "टेन्शन घेऊ नका" असं ऐकून घरी आले आणि त्या रात्री छान झोपले. चौथ्या दिवशी पुन्हा तेच. दोन महिन्यांत तीन इसीजी, एक एको आणि एक टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून केलेली हृदयाची तपासणी.

माझ्याकडे आले तेव्हा उशीखाली ऑक्सिमीटर होता, उशाशी बीपीचं मशीन होतं, खोलीत दिवा चालू असायचा आणि वहिनींना ताकीद होती, "माझा श्वास चालूय का बघत जा." कृष्णेच्या घाटावर रोज सकाळी फिरायला जायचे, तेही बंद केलं होतं, न जाणो ठोके वाढले तर.

मी त्यांना वहीत फक्त नोंद ठेवायला सांगितलं, काही बदलायचं नाही. पहिल्या आठवड्यात पाच रात्री जाग आली आणि नाडी ३७ वेळा मोजली गेली. प्रत्येक मोजणीनंतर बरं वाटायचं, पण ते दहा-पंधरा मिनिटंच टिकायचं.

गोम इथेच आहे. ऑक्सिमीटर "आत्ता" ठीक आहे एवढंच सांगतो. दिवाणजींना हवी होती पहाटेपर्यंतची हमी, आणि तसं यंत्र बाजारात नाही. शिवाय दर वेळी मोजल्यावर भीती उतरते, तेव्हा मन धडा घेतं की मोजलं म्हणून वाचलो. न मोजताही लाट उतरलीच असती, हे त्याला कधी बघायलाच मिळत नाही. उशीखालचं यंत्र मनाला सतत बजावत राहतं की धोका आहे.

त्यांच्या टीएमटीचा कागद मी पुढ्यात ठेवला. त्या दिवशी पट्ट्यावर त्यांचे ठोके १५० च्या वर गेले होते. "तेव्हा घाबरलात?" "छे, तेव्हा डॉक्टर पळवत होते." रात्री ठोके होतात ११८. म्हणजे दीडशे सहज पेलणारं हृदय एकशे अठराला फुटेल, अशी त्यांची समजूत होती. ते कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हिशेब जुळत नाही." हिशेबनीसाला हे कळणं फार कामाचं ठरलं.

प्रत्यक्ष रात्री दोन वाजता काय करायचं?

उठून बसा आणि पाय फरशीला टेकवा. मनात किंवा पुटपुटत म्हणा: "गजर वाजलाय. आग नाही." शब्द तुमचे निवडा, पण दर वेळी तेच ठेवा. "मला काही होणार नाही" असं म्हणू नका. तसं म्हटलं की मन लगेच उलट विचारतं, कशावरून? आणि वाद सुरू होतो. मध्यरात्री आपण तो हरतो.

श्वासाबद्दल घराघरात चुकीचा सल्ला दिला जातो: "मोठा श्वास घे, मोठा श्वास घे." घाबरलेला माणूस आधीच गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि बोटांच्या मुंग्या, डोकं हलकं होणं, ओठ बधिर वाटणं यातलं बरंचसं त्यातूनच येतं. वर "हवा पुरत नाही" असंही वाटतं, म्हणून माणूस आणखी ओढतो. तेव्हा श्वास हलका घ्यायचा आणि सोडताना लांबवायचा. चार अंक मोजत नाकाने आत, सहा अंक मोजत बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात, पाच मिनिटं पुरे. गुदमरायला लागलं तर तीन-चार करा, आकड्यांसाठी अडून बसू नका.

पण श्वास मोजणं हाच नवा ऑक्सिमीटर होऊ शकतो. "गेली का भीती? अजून नाही? आणखी दहा श्वास!" असं चालू झालं तर थांबा. भीतीला येऊ द्यायचं, राहू द्यायचं, आणि आपण बसून राहायचं. लाट उतरते ती तिच्या वेळेने.

पंधरा-वीस मिनिटं झाली असं वाटलं (घड्याळ न बघता) आणि झोपेचं नाव नसेल, तर अंथरूण सोडा. मंद उजेडात कंटाळवाणं काम करा: लसूण सोला, शेंगा फोडा, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घाला. डोळे मिटायला लागले की परत या. अंथरुणात तळमळत राहिलं तर मन अंथरुणाचीच भीती धरतं. फोन मात्र दुसऱ्या खोलीत राहू द्या. रात्री दोन वाजता "छातीत धडधड कारणं" शोधलेल्या एकाही माणसाला मी शांत झोपलेलं पाहिलेलं नाही.

मग दिवाणजींचं पुढे काय झालं?

दुसऱ्या आठवड्यात बीपीचं मशीन कपाटावर गेलं. ऑक्सिमीटर सोडवेना. तो आधी स्वयंपाकघरात ठेवला, मग मेव्हण्याच्या घरी दिला. त्या तीन-चार रात्री वाईट गेल्या, आणि तशा जातील हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. तपासणं बंद केलं की भीती आधी वाढते. पुष्कळ जण इथेच परत फिरतात, आणि उपाय लागू पडला नाही असं समजतात.

दिवसाचा अभ्यास वेगळा होता. त्यांच्या डॉक्टरांना विचारून रोज दुपारी तीन मजले जिना झपझप चढायचा आणि वर पोचून, नाडी न मोजता, धडधड पूर्ण उतरेपर्यंत उभं राहायचं. धडधड ही नुसती धडधड असते, हे पायांनी शिकायचं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी घाटावरचं फिरणं पुन्हा सुरू केलं.

वहीत दोन रकाने होते. रात्री जाग आल्यावर लिहायचं, "आज मरेन याची खात्री किती टक्के?" आणि सकाळी चहा पिताना पुढे लिहायचं, काय झालं. पहिल्या पानावर ९०, ९५, ९० असे आकडे होते आणि पुढे प्रत्येक वेळी "जिवंत, चहा घेतला". पाचव्या आठवड्यात आकडा ४० वर आला. सहाव्यात जाग येण्याच्या रात्री आठवड्यात एकवर आल्या, दिवा बंद झाला आणि वहिनींची रात्रपाळी सुटली.

नवव्या आठवड्यात गल्लीत एक तरुण मुलगा अपघातात गेला आणि दोन रात्री पुन्हा जुनं सुरू झालं. त्यांनी फोन केला, "परत पहिल्यापासून का?" मी विचारलं, "मेव्हण्याकडून मशीन आणलंत?" नव्हतं आणलं. तिसऱ्या रात्री झोपले.

माझी छाती वगैरे धडधडत नाही. अंधारात फक्त जाणवतं की एक दिवस मी नसेन, कायमचा. आणि अंग गार पडतं. याला काय करायचं?

ही दुसरी वाट, आणि इथे कुणी "असं काही नाही" म्हणू शकत नाही, कारण विचार खरा आहे. हा अनुभव फार जुनाही आहे. पुढे रमण महर्षी म्हणून ओळखले गेलेले गृहस्थ १८९६ साली सोळा वर्षांचे होते. मदुराईत काकांच्या घरी बसलेले असताना, तब्येत चांगली असताना, अचानक मरणाच्या भीतीने त्यांना गाठलं. ते पळाले नाहीत. प्रेतासारखे ताठ आडवे झाले आणि मरतं ते नेमकं काय, हे बघत राहिले. आपण कुणी महर्षी होणार नाही, आणि मध्यरात्री हा प्रयोग करावा असंही मी म्हणत नाही. पण पळण्याऐवजी वळून बघितलं, एवढं त्यातलं घेण्यासारखं आहे.

वळून बघायचं ते दिवसा. संध्याकाळी सहाच्या सुमारास वीस मिनिटं, खुर्चीत बसून, कागदावर. रात्री विचार आला की म्हणायचं, "उद्या सहाला." हे टाळणं ठरत नाही, कारण सहाला खरंच बसायचं असतं. न बसल्यास मन पुढच्या वेळी ऐकत नाही.

कागदावर आधी विचारा: मला नेमकी कशाची भीती आहे? बहुतेकांच्या उत्तरात तीन गोष्टींची गाठ बसलेली असते. पहिली, मरताना होणाऱ्या यातना. दुसरी, मागे राहणाऱ्यांचं काय. तिसरी, आपलं नसणं.

दुसऱ्या भीतीला कामच उत्तर असतं. बँकेत आणि विम्यात वारस नोंद आहे का? सोसायटीचं कर्ज घरात कुणाला माहीत आहे का? सातबारा, पॉलिसी, पासबुकं एका फाईलमध्ये आहेत का? एका शिक्षिकेची निम्मी भीती मृत्युपत्र नोंदवून आल्या त्या आठवड्यात उतरली. दहा वर्षं मनावर असलेलं काम एका दुपारीत झालं. पहिल्या भीतीसाठी डॉक्टरांशी मोकळं बोला. शेवटच्या आजारात वेदना कमी करण्याची औषधं आणि पद्धती आहेत, हे अनेकांना ठाऊकच नसतं.

तिसरी भीती खरी अवघड. तिच्यात मनाची एक चलाखी असते. "मी नाही" अशी कल्पना करताना आपण एका काळ्या खोलीत स्वतःलाच बसवतो, एकटं, कायमचं, आणि त्या बसलेल्या माणसासाठी घाबरतो. पण कल्पनेतल्या खोलीत कुणीतरी उरलं आहे, म्हणजे ते नसणं नव्हेच. हे एकदा लिहून, चित्र नीट तपासून बघा. भीती सगळी जात नाही. तिच्यातला गुदमर जातो, आणि मागे उरतं ते बरंचसं दुःखासारखं असतं: हे सगळं सोडून जावं लागणार. दुःख घेऊन माणसाला झोप लागू शकते.

नामस्मरण, हरिपाठ केला तर चालेल का?

जरूर. जिभेला चाल ठाऊक असते, श्वास आपोआप लांबतो, आणि लहानपणापासूनची ओळख असते. फक्त एक कसोटी लावा. नाम घेता घेता भीती शेजारी बसली तरी चालतंय, तर ते आधार आहे. "एकशे आठ पूर्ण झाले नाहीत तर काहीतरी होईल" असं वाटू लागलं, तर माळेचाही ऑक्सिमीटर झाला. श्रद्धा नसेल तर जबरदस्तीने काही म्हणू नका, लसूण सोला.

घरचे म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे, दृष्ट काढू या.

आईने मीठ-मोहरी ओवाळली तर त्यात माया आहे, तिच्याशी भांडू नका. पण कुणी देवऋषी "तुमच्यावर केलंय" म्हणून पैसे आणि अमावास्येच्या फेऱ्या सांगत असेल, तर उठून या. रात्रीच्या भीतीला बाहेरचा शत्रू दाखवला की ती वाढते, आणि मग शेजारीण किंवा भावजय संशयात सापडते.

झोपेची गोळी किंवा एखादा पेग घेतला तर?

दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री तिचा अंमल उतरताना झोप तुटते आणि छाती धडधडते. म्हणजे ज्या वेळेची भीती, नेमकी तीच वेळ बिघडते. संध्याकाळी सहानंतरचा चहाही बंद करून बघा. त्यातलं कॅफिन अर्धं व्हायलाच सुमारे पाच तास लागतात.

अल्प्राझोलामसारख्या गोळ्या लगेच गुण देतात, म्हणूनच त्यांची सवय लागते. मेडिकलवाल्याच्या ओळखीने त्या घेऊ नका, आणि रोज घेत असाल तर एकदम बंदही करू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवाव्या लागतात. झटके वारंवार येत असतील तर मानसोपचारतज्ज्ञ बहुधा एसएसआरआय गटातलं औषध सुरू करतात. त्याचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात थोडी बेचैनी वाढू शकते. तेवढ्यावरून गोळी सोडणारे खूप आहेत.

घरातल्यांनी काय करावं?

शेजारी बसा, हात धरा, पाणी द्या. दहाव्यांदा "काही होणार नाही" म्हणू नका आणि नाडी बघू नका. वहिनींनी शेवटी एक वाक्य धरलं होतं: "मी इथंच आहे, जाऊ दे ही वेळ." टिंगल नको. "एवढा गडी माणूस आणि घाबरतो" हे ऐकल्यावर माणूस सांगणं बंद करतो, घाबरणं बंद करत नाही.

तज्ज्ञाकडे कधी आणि कुठे जायचं?

महिनाभर आठवड्यातून दोन-तीन रात्री मोडत असतील, झोपायचीच भीती वाटू लागली असेल किंवा कामधंदा अडत असेल तेव्हा. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. गाव लांब असेल तर टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

मरणाची भीती आणि मरावंसं वाटणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पण भीतीने थकून "यापेक्षा गेलेलं बरं" असा विचार एकदाही आला, तर महिना मोजत बसू नका. त्याच रात्री घरच्यांना उठवा आणि हाच क्रमांक लावा.